दोनाला एकोणतीस, वर दिडकी

आपल्याकडे टायरमधल्या हवेचा एक राष्ट्रीय आकडा ठरलेला आहे. बत्तीस. गाडी छोटी असो की मोठी, आत एकटा माणूस असो की अख्खं वऱ्हाड, पेट्रोल पंपावरचा मुलगा नळी ओढत येतो, "बत्तीस ना?" म्हणतो आणि उत्तराची वाट न बघता कामाला लागतो. त्या प्रश्नातला 'ना' इतका ठाम असतो की भल्याभल्यांची 'नाही' म्हणायची छाती होत नाही. बत्तीस काय, तर बत्तीस पौंड. कागदोपत्री त्याला पीएसआय म्हणतात, म्हणजे दर चौरस इंचाला इतके पौंड. पण बोलताना इंच गळून पडतो आणि पौंड उरतो. इंग्रज गेले, पौंड टायरमध्ये राहिला.

माझंही या बत्तिशीत बरं चाललं होतं. मग आम्ही एक युरोपियन वळणाची गाडी सेकंडहँड घेतली. पहिल्या मालकाने गाडीचं मॅन्युअल प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेरसुद्धा काढलं नव्हतं, यावरून तो किती सुखी माणूस असेल याची कल्पना यावी. मी ते काढलं. मला छापील मजकूर दिसला की वाचावासा वाटतो, सौ.च्या मते औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर पूर्ण वाचणारा पुणे जिल्ह्यातला मी एकटाच. मॅन्युअलमध्ये हवेच्या दाबावर ऐसपैस प्रकरण होतं आणि त्यात दाब सोडून सगळं होतं. दाबासाठी 'इंधनाच्या झाकणाच्या आतलं लेबल पाहा' अशी सूचना होती.

झाकण उघडलं. आत एक स्टिकर, त्यावर गाडीची दोन चित्रं. पहिल्या चित्रात तीन माणसं. दुसऱ्या चित्रात पाच माणसं आणि बॅगा. पहिल्या चित्रापुढे, पुढच्या चाकांना २.३ आणि मागच्यांना २.१. दुसऱ्यापुढे २.५ आणि २.८. कोपऱ्यात बारीक अक्षरात 'बार'.

"दोन पॉइंट तीन?" सौ. म्हणाली, "अहो, एवढ्याशा हवेत गाडी उभी तरी राहील का?"

तिचं बरोबर होतं. बत्तीस ऐकायची सवय झालेल्या कानाला दोन पॉइंट तीन म्हणजे टायरची उपासमारच. प्रत्यक्षात एक बार म्हणजे साडेचौदा पौंड. समुद्रकाठी आपल्या सगळ्यांच्या डोक्यावर जो हवेचा दाब असतो, तो साधारण एक बार. टायरवर लावलेलं गेज मात्र बाहेरच्या हवेचा दाब धरत नाही. त्याच्यावर जे जास्तीचं असेल तेवढंच दाखवतं. म्हणजे ते २.३ हे आपल्या नेहमीच्या बत्तिसाच्या अंगणातलंच प्रकरण होतं. पण हे पंपावर कोण सांगणार?

पंपावर सांगायला गेला माझा मेहुणा. तो सहज आला होता, आणि सहज आलेल्या मेहुण्याच्या हातात गाडीची किल्ली आपोआप जाते. मी पेट्रोलचे पैसे द्यायला खिडकीपाशी उभा होतो. तिथे कार्डाचं मशीन रेंज शोधत पंपभर फिरत होतं. तेवढ्या वेळात मेहुण्याने हवेच्या खांबाशी गाडी लावली आणि त्या मुलाला स्टिकर दाखवून रुबाबात म्हणाला, "टू पॉइंट थ्री."

"आमच्या मशीनला पॉइंट नाही," मुलगा म्हणाला.

आता यात त्या मुलाची काय चूक? मशीनला वर-खाली बाणांची दोन बटणं आणि मोठ्या लाल अक्षरात दोन आकडे. दोन आणि तीन हे अंक त्यात बसवायचे तर एकाच तऱ्हेने बसतात. त्याने तेवीस लावले. ही हवेची मशीनं मोठी आज्ञाधारक असतात. टायरमध्ये हवा कमी असली तर भरतात आणि जास्त असली तर तितक्याच निष्ठेने काढून घेतात. चारी चाकांना नळी लागली, चारी चाकांनी लांब सुस्कारे सोडले, चार वेळा 'पीं पीं' झालं.

"भाऊजी, हवा फार जास्त होती," मेहुण्याने मला अहवाल दिला. "काढून टाकली."

मी या प्रकाराचा पुढे बराच विचार केला आहे. त्या मुलाने २.३ चे दोनशे तीस ऐकले असते तर तो हसला असता. मशीनवर तीनच पौंड लावले असते तर गाडी तिथेच बसली असती आणि सगळ्यांना कळलं असतं. मोठी चूक अंगावर धावून येते, दिसते, तिला थांबवता येतं. पण तेवीस? तेवीस हा अत्यंत सभ्य आकडा. टायरच्या पौंडांत सहज खपून जाणारा. बारमधल्या आकड्याचं टिंब पुसलं की बहुतेक वेळा असाच खपाऊ आकडा हाती येतो: २.१ चे एकवीस, २.५ चे पंचवीस, २.८ चे अठ्ठावीस. अठ्ठावीस तर इतका खानदानी वाटतो की त्याच्यावर संशय घ्यायचीच लाज वाटावी. आणि दर वेळी टायरला मिळतं तीस टक्के कमी.

परतीच्या वाटेवर मेहुणा खूश होता. "राइड कशी मऊ झाली बघा!" मऊ होणारच. हवा कमी झाली की टायरच्या बाजू जास्त वाकतात, खड्डे गिळले जातात आणि माणसाला वाटतं, गाडीला गुण आला. त्याच वाकण्याने टायर आतून तापतो, आणि एक्स्प्रेसवेवर टायर फुटल्याच्या कितीतरी बातम्यांमागे हीच मऊ राइड असते. वळताना स्टिअरिंग जड लागत होतं, पण ते मेहुण्याला 'जर्मन फील' वाटलं.

थोडं अंतर गेल्यावर समोर पिवळा दिवा लागला. घोड्याच्या नालासारखी आकृती, मध्ये उद्गारचिन्ह. टायरमध्ये हवा कमी असल्याची गाडीची तक्रार. मेहुण्याने स्क्रीनवर दोन-तीन ठिकाणी बोटं फिरवली, 'सेट' लिहिलेलं काहीतरी सापडलं, ते दाबून धरलं. दिवा गेला.

"सेन्सरचा प्रॉब्लेम असतो यांच्या," तो म्हणाला.

आमच्या गाडीतली ही सोय प्रत्येक टायरमधला दाब मोजत बसत नाही. चाकं कशी फिरताहेत यावरून अंदाज बांधते. हवा कमी झालेलं चाक किंचित लहान होतं, जास्त भरभर फिरतं, तेवढ्यावरून तिला संशय येतो. आणि 'सेट' म्हणजे 'आत्ता जी हवा आहे तीच बरोबर, हीच लक्षात ठेव' असा हुकूम. हवा नीट भरल्यावर तो हुकूम द्यायचा असतो, असं मॅन्युअलमध्ये ठळक अक्षरात आहे. मेहुण्याने तेविसावर दिला. त्यानंतर गाडीने या विषयावर चकार शब्द काढला नाही.

प्रकरण उघडकीस आलं ते सोसायटीच्या पार्किंगमध्ये. आमच्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त इंजिनिअर काका राहतात. नोकरीतून निवृत्त झाले, इंजिनिअरिंगमधून नाहीत. त्यांनी चारी टायरांकडे पाहिलं, वाकून पाहिलं, मग मागे सरून पाहिलं.

"अरे, बुडाशी पसरलेत हे. किती आहे हवा?"

"दोन पॉइंट तीन," मी म्हणालो.

काका घरी जाऊन स्वतःचं गेज घेऊन आले. ते गेज पितळी, गोल, त्यावर दोन वर्तुळं. बाहेर काळ्या अक्षरात पौंड, आत लाल अक्षरात किलो. हा किलो म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला एक किलो, आणि कारखान्यातली निम्मी माणसं अजून याच भाषेत बोलतात. बार आणि किलो यांत दोन टक्क्यांचाच फरक. त्यामुळे कोपऱ्यावरचा पंक्चरवाला अण्णा जेव्हा "सव्वादोन किलो मारू?" म्हणतो, तेव्हा तो बत्तीस पौंडही सांगत असतो आणि नकळत युरोपच्या सर्वांत जवळही असतो. गेजवर तेवीस आले. काकांनी माझ्याकडे, मग मेहुण्याकडे पाहिलं. मेहुणा टायरवरची नक्षी बघण्यात गढला होता.

"एक बार म्हणजे चौदा पॉइंट पाच शून्य तीन आठ पौंड," काका म्हणाले. "दोन पॉइंट तीनला गुणा. तेहतीस पॉइंट तीन सहा आलं. लिहून घ्या."

इथपर्यंत ठीक होतं. पण एव्हाना पार्किंगमध्ये माणसं जमली होती, आणि आमच्या सोसायटीत तीन माणसं जमली की सभा भरते. प्रश्न असा उभा राहिला: पंपाच्या मशीनला टिंब नाही. मग तेहतीस लावायचे की चौतीस?

"नियमाप्रमाणे पॉइंट पाचच्या खाली असलं की खालचा आकडा," एक म्हणाले.

"सेफ्टीच्या बाबतीत नेहमी वरचा धरावा," दुसरे.

"टायरवरच लिहिलंय की!" मेहुणा खाली बसल्या बसल्या ओरडला. "मॅक्स एक्कावन्न!"

तो आकडा टायरचा बाप सांगतो, गाडीचा नाही. हा टायर थंड असताना जास्तीत जास्त किती हवा सोसू शकेल, एवढंच त्यात सांगितलेलं असतं. तोच टायर चार वेगवेगळ्या गाड्यांना बसतो आणि चौघींना वेगवेगळी हवा लागते. टायरचा तसा भरवसा नाहीच म्हणा. त्याच्या अंगावर '२०५/५५ आर १६' लिहिलेलं असतं: पैकी २०५ मिलिमीटर, ५५ टक्के आणि १६ इंच. ज्याला स्वतःच्या मापाचं एक काही ठरवता आलं नाही, त्याला हवेचं काय विचारायचं?

सभा वाढत गेली. काकांचं म्हणणं, दशांश वाया घालवू नये. मी भीत भीत विचारलं, "पण काका, डावी चाकं उन्हात आहेत आणि उजवी सावलीत. त्याचं काय?" काकांनी दोन्हींकडची चाकं मोजली. उन्हातली दोन पौंडांनी वर. टायर दहा अंशांनी तापला की साधारण दीड पौंड वाढतो. आमची तेहतीस की चौतीस ही लढाई एका पौंडासाठी चालली होती आणि पार्किंगच्या पत्र्याची सावली तिच्या दुप्पट फरक पाडत होती. मग कुणीतरी आपलं गेज आणलं. ते काकांच्या गेजहून दोन पौंड जास्त बोलत होतं. काकांनी त्या गेजवाल्याचं घर बघून घेतलं. पुढच्या वार्षिक सभेत याचे पडसाद उमटणार, हे स्पष्ट होतं.

या सगळ्यावर तोडगा म्हणून आम्ही हवा भरायचं छोटं यंत्र मागवलं. गाडीतल्या सॉकेटला लावायचं, नळी व्हॉल्व्हवर फिरवायची, आकडा लावायचा, चालू करायचं. आकड्याला पोचलं की आपोआप बंद. मुख्य म्हणजे त्याला टिंब होतं! एक बटण दाबलं की पीएसआय, पुन्हा दाबलं की बार, पुन्हा दाबलं की केपीए, पुन्हा दाबलं की किलोवालं प्रकरण. चार भाषा बोलणारं यंत्र. आता रूपांतर करायची गरजच उरली नव्हती. स्टिकर बारमध्ये, यंत्रही बारमध्ये.

सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना, मी ते जोडलं. स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा असतो, आणि थंड म्हणजे गाडी निदान तीन तास उभी हवी. बटण दाबताच यंत्राने असा काही आवाज सुरू केला की वरच्या मजल्यावरच्या बाळाने, खालच्या कुत्र्याने आणि दोन गाड्यांच्या अलार्मने एकदम प्रतिसाद दिला. आमचे चिरंजीव मदतीला होते. त्यांनी मदत म्हणून मधलं बटण दाबलं. तेवढ्यात सौ. चहा घेऊन खाली आली आणि तिने स्क्रीन पाहिला.

"दोनशे अठ्ठावीस! अहो, बंद करा! फुटेल!"

चहाचा कप एका बोनेटवर गेला, चिरंजीव खांबामागे गेले, सकाळी फिरायला निघालेली दोन ज्येष्ठ जोडपी लिफ्टमध्ये परत गेली. मी मात्र जागचा हललो नाही. दोनशे अठ्ठावीस म्हणजे किलोपास्कल. एका बारचे बरोबर शंभर किलोपास्कल होतात. टिंब दोन घरं पुढे नेलं की झालं. दोनशे तीसला अजून दोन कमी होते. या चारही मापांत हे एकच रूपांतर असं आहे की ज्याला कागद लागत नाही आणि नेमकं तेच बघून माणसं पळतात. मी हे सगळं समजावून सांगेपर्यंत यंत्र थांबलं होतं आणि ऐकायलाही कोणी थांबलं नव्हतं. त्या दिवसापासून सकाळी यंत्र लावायला मला घरातून मनाई आहे.

पण माझी चाकं त्या दिवशी चोख झाली: पुढे २.३, मागे २.१. मी 'सेट' दाबून गाडीला खरं काय ते शिकवलं. पितळी गेजवर काकांनी तपासलं: तेहतीस आणि तीस. काकांनी मान डोलावली, पण अंशतःच. पॉइंट तीन सहाचं दुःख त्यांच्या डोळ्यांत होतं.

मग गणपती आले. कोकणात सासरे-सासूबाईंसह जायचं ठरलं आणि स्टिकरवरच्या दुसऱ्या चित्राची वेळ आली. पाच माणसं आणि बॅगा. बॅगा चित्रात तीनच होत्या. आमच्याकडे सासूबाई होत्या, म्हणजे बॅगांशिवाय पातेली, येताना नारळ आणायच्या रिकाम्या पिशव्या, आणि तिकडे मिळत नाही म्हणून इकडून न्यायचं बरंच काही, ज्यातलं निम्मं तिकडेच पिकतं. २.५ आणि २.८. मी फोन काढून गुणाकार करू लागलो.

"किती म्हणालात, जावईबापू?" सासरे म्हणाले.

"बाबा, दोन पॉइंट पाच आणि दोन पॉइंट आठ. त्याचे पौंड करतोय."

"एक बारचे किती?"

"साडेचौदा."

सासऱ्यांनी जन्मात गाडी चालवलेली नाही. पण त्यांनी डोळे मिटले, आणि माझा फोन पासवर्ड मागत असतानाच म्हणाले, "छत्तीस आणि एक्केचाळीस."

मी गणित केलं. ३६.२५ आणि ४०.६.

"हे कसं काय केलंत?"

"त्यात काय करायचंय? साडेचौदा दुणे एकोणतीस. म्हणजे दोनाला एकोणतीस. पुढचा एकेक दशांश म्हणजे दीड पौंडाला थोडा कमी. दिडकी म्हणा. पाचाची दिडकी साडेसात, एकोणतिसात घाल, साडेछत्तीस. आठाची दिडकी बारा, एकोणतिसात घाल, एक्केचाळीस. दिडकी थोडं जास्तच देते, म्हणून अर्धा दिसला की सोडून द्यायचा."

पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी त्या पिढीला छडीच्या साक्षीने पाठ होती. आम्हाला त्या शिकवल्या नाहीत, कारण आता त्यांचा उपयोग नाही, असं आम्हाला सांगण्यात आलं होतं. काकांनी हे ऐकून चौथ्या दशांशाचा मुद्दा काढलाच. सासरे म्हणाले, "अहो, १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले तेव्हा मी शाळेत होतो. रुपयाचे आणे सोळा, नवे पैसे शंभर. आण्याला सव्वासहा येतात, आता सव्वासहा पैसे कुणी देतं का? म्हणून एका आण्याला सहा आणि तीन आण्यांना एकोणीस ठरले. मी एकेका आण्याच्या गोळ्या तीन वेळा जाऊन घ्यायचो. अठरा पैशांत काम व्हायचं. दुकानदाराला तो एक पैसा कळत होता, पण रांगेत दुसरी गिऱ्हाइकं असायची."

काका गप्प झाले. मग एकदम म्हणाले, "कोकणात खाली उतरल्यावर बाहेरचा दाब वाढतो. गेज जवळपास एक पौंड कमी दाखवेल, ते लक्षात ठेवा." आणि घरात गेले. ते बरोबर होतं. पण त्यावर दिडकी नव्हती.

यंत्राला बंदी असल्यामुळे हवा पंपावर भरायची होती, आणि आमचा पंप पाच-सहा किलोमीटरवर. या अंतरात काय होतं ते आता मला पुरतं माहीत होतं. पाच माणसं, बॅगा, चढ, सिग्नल, टायर गरम. पंपावर मशीनने पुढे छत्तीस दाखवले, मागे तेहतीस.

"पुढे छत्तीस आहेच, साहेब," मुलगा म्हणाला. "तुम्हाला छत्तीसच पाहिजे ना?"

मुक्कामाला निघालेल्या प्रत्येक गाडीवाल्याचं इथेच चुकतं. घरी थंड असताना पुढे तेहतीस होते हे मला माहीत होतं. वरचे तीन पौंड भरलेले नाहीत, तापून आलेले आहेत. रात्री कोकणात गाडी उभी राहिली की ते आल्या वाटेने जातील. मला थंडपणी छत्तीस हवे होते, म्हणजे आता आहे त्यात आणखी तीन. मागे थंड तीस होते, हवे होते एक्केचाळीस, म्हणजे आणखी अकरा. मशीन काय दाखवतंय ते सोडून द्यायचं, घरून किती वाढवायचं ते ठरवून यायचं आणि तेवढंच वाढवायचं.

"पुढे एकोणचाळीस कर, मागे चव्वेचाळीस."

मुलाने नळी खाली ठेवली. "चव्वेचाळीस? साहेब, फुटला तर माझ्या नावावर येतं."

मी त्याला झाकण उघडून दुसरं चित्र दाखवलं. त्याने चित्रातली माणसं मोजली, मग गाडीतली मोजली, मग डिकीकडे बघून थोडा वेळ गप्प राहिला. आणि कुठलाही वाद न घालता चव्वेचाळीस लावले. मला वाटतं, गणितापेक्षा त्याला पातेली पटली.

इथे आम्ही निघायला हवं होतं. पण स्टिकरच्या अगदी खाली, मी आजवर न वाचलेली एक ओळ होती. छोट्या चाकाचं चित्र आणि ४.२. स्टेपनी! या गाड्यांची स्टेपनी बारीक असते, तात्पुरत्या वापराची, ताशी ऐंशीच्या वर न्यायची नाही अशी चिठ्ठी तिच्यावरच चिकटवलेली. बारीक चाकाला तेच वजन पेलायचं म्हणून तिला हवा मात्र दणकट लागते. आणि कोणी म्हणजे कोणीही ती तपासत नाही, कारण ती डिकीच्या तळाशी असते.

सासूबाईंच्या देखरेखीखाली डिकी उतरवली. पंपाच्या फरशीवर बॅगा, पातेली, पिशव्या आणि एक घडीची खुर्ची, जी कुणी आणली हे शेवटपर्यंत कळलं नाही. मागे गाड्यांची रांग लागली. स्टेपनीत हवा निघाली वीस पौंड.

"चार पॉइंट दोन," मी म्हणालो.

"बेचाळीस," मुलगा म्हणाला, आणि बटणाकडे हात नेला.

"थांब!" मी आणि सासरे एकदम ओरडलो. सासऱ्यांनी डोळे मिटले. "दोनाच्या वर बावीस दशांश. बावीसची दिडकी तेहतीस. एकोणतीस नि तेहतीस, बासष्ट. पण एवढं लांब गेल्यावर दिडकी एक जास्त देते. एकसष्ट."

"साहेब, साठच्या वर? ही काय ट्रकची आहे?" त्याने मशीन खालपासून वरपर्यंत पाहिलं. "आमचं पन्नासच्या पुढे जात नाही."

मग आमचं चार भाषांचं यंत्र निघालं. घरातली बंदी पुणे शहर हद्दीबाहेर लागू नाही, असा माझा युक्तिवाद होता. आपण अजून हद्दीतच आहोत, असा सौ.चा. चिरंजीवांचे हात मागे बांधून ठेवले, युनिट बारवर लावलं, ४.२ केलं आणि सुरू केलं. बारीक चाक, दणकट दाब, बोटभर यंत्र. ते गुरगुरत, थांबत, तापत, आकडा दशांशादशांशाने वर चढत. मागच्या रांगेतला एकजण हॉर्न वाजवून थकला आणि खाली उतरून स्क्रीनकडे बघत उभा राहिला. दुसऱ्याने विचारलं, "हे बार म्हणजे काय हो?" आणि सासऱ्यांनी त्याला दोनाला एकोणतीसपासून समजावायला घेतलं. आणखी दोघे गाडीतून उतरले. एकाने आपलं पेट्रोलचं झाकण उघडून आत पाहिलं आणि "च्यायला!" म्हणाला.

सासूबाई त्या निराधार घडीच्या खुर्चीवर बसून सगळं पाहत होत्या. अखेरीस त्या म्हणाल्या, "गणपती दहा दिवसच असतो म्हटलं. निघायचं आहे, की अजून काही फुगवायचं राहिलंय?"